चमच्यावर टिकणारा पहिला घास

प्रश्न : बाळ सात महिन्यांचे, सात किलोचे आहे. उष्टावण झाल्यापासून दिवसातून चार वेळा वरणाचे पाणी आणि भाताची पेज देते. महिनाभरात वजन वाढले नाही. काय चुकते आहे? (सातपूर)

उत्तर : डाळ शिजून निवली की तिचा कस तळाशी बसतो आणि वर निथळते ते बहुतांशी पाणीच असते. एवढ्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २०० मिलिलिटर मावते. ते पाण्याने भरले की भूक शमल्यासारखी वाटते, बाळ अंगावरचे दूधही कमी ओढते आणि वजन जागच्या जागी राहते.

अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. एक मोठा चमचा तांदूळ आणि दोन लहान चमचे मूगडाळ एका लहान डब्यात भरपूर पाणी घालून घरच्याच कुकरमध्ये मऊ शिजवा, चमच्याच्या पाठीने घोटा आणि वरून एक लहान चमचा साजूक तूप घाला. यातून साधारण अर्धी वाटी अन्न आणि जवळपास ११० ते १२० उष्मांक मिळतात. दिवसातून दोनदा एवढे बाळाच्या पोटात गेले की गरज भागते, मात्र दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत जावे. मीठ-साखर वर्ष पूर्ण होईपर्यंत घालू नये.

दाटपणा जोखायला चमचा तिरका करा. घास पाण्यासारखा ओघळला तर तो पातळ आहे. दह्यासारखा सावकाश घसरला तर बरोबर आहे. मिक्सरमधून पार गुळगुळीत करण्याची सवय मात्र मला मान्य नाही, कारण आठव्या महिन्यानंतर मऊ गुठळ्या तोंडात घोळवूनच बाळ चावायला शिकते.

अंगणवाडीतल्या एकाच काट्यावर वजन करून कार्डावर नोंदवा. दाट अन्न सुरू करूनही पुढच्या महिन्यात आलेख वर सरकला नाही, किंवा बाळ मलूल असेल, जुलाब असतील, लघवी कमी होत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे नागलीचे सत्त्व देतात. ते पुरेसे आहे का? (पेठ)

उत्तर : नागली मोड आणून वापरली तर तिचा मोठा फायदा आहे. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, कडक उन्हात वाळवावे, मंद आचेवर हलके परतून दळावे. मोड येताना धान्यात तयार होणारे पाचक द्रव्य पिष्ट फोडते, त्यामुळे खीर तेवढीच पातळ राहूनही तिच्यात जास्त पीठ मावते. खरपूस भाजले तर हे द्रव्य नष्ट होते. पावसाळी हवेत मोडांना आंबूस वास किंवा बुरशी आली तर ते धान्य टाकून द्यावे.

फक्त सत्त्वावर राहू नये. सहाव्या महिन्यानंतर जन्मतः साठलेले लोह सरत येते आणि नागलीतले लोह शरीराला फारसे लागत नाही. म्हणून पूर्ण शिजवलेले अंडे, चालत असल्यास बारीक केलेले मांस, नाहीतर दाट वरणात लिंबाचे दोन थेंब असा घास रोज असावा, आणि लोहाचे औषध आशाताई किंवा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे द्यावे.

प्रश्न : मी कामावर जाते. सकाळची खिचडी दुपारी सासूबाई गरम करून देतात. चालेल का? (सिडको)

उत्तर : ओट्यावर राहिलेली चालणार नाही. शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, उन्हाळ्यात तर त्याहून कमी. निवताच फ्रिजमध्ये ठेवले असेल तर दुपारी लागेल तेवढेच काढून पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावे आणि कोमट झाल्यावर भरवावे. फ्रिज नसेल तर भाजून दळलेले तांदूळ-मूगडाळीचे कोरडे पीठ डब्यात ठेवावे. सासूबाईंना ते दहा मिनिटांत शिजवता येते. भरवून उरलेल्या वाटीत बाळाची लाळ गेलेली असते, म्हणून ते अन्न पुन्हा देऊ नये.

जुलाबाचे मूळ पुष्कळदा ओट्यावरच्या ओल्या फडक्यात असते. ज्याने ओटा पुसला त्यानेच बाळाची वाटी पुसली जाते. वाटी-चमचा साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, पालथा सुकू द्यावा. बाळाची शी धुतल्यावर आणि भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, बाळाचेही. बाटली नकोच; तिचे बूच घासून निघत नाही.

प्रश्न : घरची द्राक्षे आणि मध द्यावा का? (दिंडोरी)

उत्तर : अख्खे द्राक्ष श्वासनलिकेत घट्ट बसते, म्हणून आत्ता फक्त नीट धुऊन, साल काढून कुस्करलेला गर द्यावा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत उभे चार तुकडे करूनच द्यावे. शेंगदाणाही अख्खा देऊ नये. बारीक कूट खिचडीत चालते. मध वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवण्यापुरताही देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.