चाळिसाव्या वाढदिवसाची धास्ती : एक समुपदेशन अनुभव

“पुढच्या महिन्याच्या अखेरीस मला चाळीस पूर्ण होतील. घरचे हॉल घेऊन वाढदिवस करायचा म्हणतात आणि मला त्या दिवशी गाव सोडून कुठेतरी निघून जावेसे वाटते. तरुणपण अभ्यासिकेत गेले आणि हाती काहीच लागले नाही. दाढीत पांढरे केस दिसले की आरशासमोरून बाजूला होतो. आता पुढे फक्त म्हातारेच व्हायचे राहिले आहे का?”

हे ज्यांनी लिहिले ते गृहस्थ एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतात. पत्नी प्राथमिक शिक्षिका, मुलगी तिसरीत. पदवीनंतर त्यांनी पुण्यात राहून राज्यसेवेच्या परीक्षा दिल्या, दोनदा मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा अंतिम यादीत नाव आले नाही. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, ही हकिगत येथे मांडत आहे.

पहिल्या भेटीत मी वाढदिवसाचा विषय बाजूला ठेवला आणि झोप, भूक, कामातील लक्ष व आनंद यांविषयी विचारले. चाळिशीच्या तोंडावर आलेली उदासी ही वयाचीच असते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्यामागे नैराश्याचा आजार असू शकतो, थायरॉइडचा बिघाड असू शकतो, स्त्रियांच्या बाबतीत पाळी जाण्याच्या आधीचे संप्रेरकांतील बदलही असू शकतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस न वाटणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर समुपदेशकाने एकट्याने पुढे जाऊ नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. जगणे नकोसे झाल्याचा विचार येतो का, हेही मी स्पष्ट शब्दांत विचारते; विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. असा विचार येत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. या गृहस्थांना तसा विचार येत नव्हता, मुलीबरोबर ते रमत होते, काम नीट होत होते. रक्ततपासणीही ठीक आली. म्हणजे धास्ती होती ती त्या तारखेशीच जोडलेली.

म्हणून पुढच्या भेटीत मी त्यांना त्या संध्याकाळचे वर्णन करायला सांगितले. हॉलमध्ये कोण कोण असेल, कोण कुठे बसेल, सुरी हातात घेतल्यावर समोर कोणाचा चेहरा दिसेल, असे बारकाव्यांनिशी. बराच वेळ ते केक, फुगे, थोरल्या भावाचा आग्रह यांवरच बोलत राहिले. मग म्हणाले, “समोर माझा पुण्यातला रूममेट असेल. तो तहसीलदार आहे. आणि मामा त्याच्याशी बोलताना माझ्याकडे बघत असतील.” भीती चाळीस या आकड्याची नव्हती, त्या दिवशी सर्वांच्या देखत आपल्या आयुष्याचा हिशेब लागेल आणि तो तोट्याचा निघेल, याची होती. आरशासमोरून बाजूला होणे, दर आठवड्याला दाढीला कलप लावणे, जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटातून बाहेर पडणे, ओळखीच्या लग्नांना न जाणे ही सारी त्या हिशेबापासून दूर राहण्याची धडपड होती. टाळण्याने तेवढ्यापुरते बरे वाटते आणि नेमके म्हणूनच भीती वाढत जाते, कारण जे टाळले ते खरोखर किती त्रासदायक होते, हे तपासून पाहण्याची संधीच मिळत नाही.

येथे अनेकजण, काही वेळा समुपदेशकसुद्धा, “वय म्हणजे काय, नुसता आकडा” असे सांगून मोकळे होतात. हे वाक्य मी वापरत नाही, आणि या गृहस्थांपुढे तर ते सरळ खोटे ठरले असते. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ वर्षे आहे. ती ओलांडल्यावर इच्छा, अभ्यास, चिकाटी यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. २०१६ मध्ये ही मर्यादा ३३ वरून ३८ केली गेली, तेव्हा ते तिशी नुकतीच ओलांडलेले होते आणि अभ्यासिका सोडण्याच्या विचारात होते. त्या निर्णयाचा त्यांना मनापासून आनंद झाला आणि ते पुन्हा तयारीला लागले. पुढे कोविडमध्ये परीक्षा पुन्हा पुन्हा लांबल्या. १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात रस्त्यावर उतरलेल्यांमध्ये तेही होते. वाया गेली असे ते ज्या वर्षांना म्हणतात, त्यांतील काही त्यांच्या हातात नव्हतीच.

मी त्यांना राहून गेलेल्या गोष्टींची यादी करायला सांगितली. अट एकच, की प्रत्येक गोष्टीसमोर ती इच्छा कोणत्या वर्षी धरली, ते लिहायचे. पुढच्या वेळी त्यांनी यादी आणलीच, शिवाय माळ्यावरच्या पेटीतून काढलेली जुनी प्रवेशपत्रेही आणली. ती वर्षाच्या क्रमाने लावलेली होती. पहिल्यावरचा फोटो जेमतेम मिसरूड फुटलेल्या मुलाचा, शेवटच्यावरचा टक्कल पडू लागलेल्या माणसाचा. ती टेबलावर मांडताना त्यांचा हात थरथरत होता आणि त्या भेटीत आम्ही यादीला हात लावला नाही. नोकरी, माणूस किंवा स्वप्न कायमचे गेल्यावर जे दुःख होते, ते होऊ द्यावे लागते. शेवटची संधी संपली तेव्हा घरात मुलीचे आजारपण चालू होते. त्यामुळे या दुःखाला वेळच मिळाला नव्हता. ते दोन वर्षे थांबून राहिले आणि वाढदिवसाचे निमित्त मिळताच बाहेर आले.

मग आम्ही यादी वाचली. काही गोष्टी वयाने बंद केल्या होत्या. त्यांत राज्यसेवा सर्वांत मोठी. काही दुसऱ्यांच्या इच्छा होत्या, जसे मामांच्या आग्रहाखातर पुण्यात फ्लॅट घेणे, जो घ्यायचा की नाही याचा विचार त्यांनी स्वतः कधी केलाच नव्हता. अशा नोंदी त्यांनी विशेष खेद न करता खोडल्या. आणि काही गोष्टी अजून खुल्या होत्या. उदाहरणार्थ, सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा, जी पतसंस्थेत काम करणाऱ्याला उपयोगी पडते आणि जी “राज्यसेवेपुढे ही काय परीक्षा” म्हणून त्यांनी अनेक वर्षे मनावरच घेतली नव्हती. ती लगेच द्या, असे मी सुचवले नाही. मोठी गोष्ट हातून गेल्यावर घाईघाईने दुसरी पकडली, तर तीही पहिलीच्या मापाने मोजली जाते आणि थिटी ठरते.

राज्यसेवेविषयी मात्र मी एक प्रश्न विचारला : अधिकारी होऊन तुम्हाला नेमके काय करायचे होते? त्यांनी सांगितले, की वडिलांच्या सातबाऱ्यावरची एक नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी वडील आणि ते वर्षभर तहसील कचेरीत खेटे घालत होते आणि एका दुपारी वडिलांना सर्वांसमोर “बाहेर उभे राहा” असे सांगण्यात आले. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस नीट बोलला असता तर, हा विचार त्यांना तेव्हापासून सोडत नव्हता. आज कर्ज मागायला येणारे शेतकरी त्यांच्या टेबलापुढे बसतात, हे त्यांचे त्यांनाच बोलता बोलता जाणवले. त्याने पदाची, पगाराची, मानाची भरपाई होते, असे मी म्हणणार नाही. ते स्वतःही म्हणाले नाहीत. पण ‘हाती काहीच लागले नाही’ हे वाक्य त्यांना त्यानंतर जसेच्या तसे उच्चारता येईना.

पुढील काम विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने केले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली ही पद्धती महाराष्ट्रात बऱ्यापैकी परिचित आहे. घटना आपल्याला थेट अस्वस्थ करत नाही, घटनेविषयीचा आपला दृष्टिकोन करतो, हे तिचे सूत्र. त्यांचा दृष्टिकोन त्यांच्याच शब्दांत असा होता : “चाळिशीपर्यंत माणूस मार्गी लागायलाच हवा, नाही तर तो फुकट.” यातील पहिला भाग ही एक इच्छा आहे आणि ती असण्यात गैर काही नाही. ‘च’ लावून तिचा हट्ट झाला आणि ‘फुकट’ म्हणून एका परीक्षेच्या निकालावर संपूर्ण माणसाची किंमत ठरवली गेली. रूममेट तहसीलदार झाला नसता तर तोही फुकट ठरला असता का, असे विचारल्यावर ते ताबडतोब “नाही” म्हणाले. मग हा नियम एकट्या तुम्हालाच का लागू, यावर ते बराच वेळ गप्प राहिले. पर्यायी वाक्य त्यांनीच तयार केले : “अधिकारी व्हायचे होते, झालो नाही, याचे वाईट वाटते आणि वाटत राहील; त्यामुळे मी टाकाऊ ठरत नाही.” वाईट वाटणे येथे शिल्लक आहे, आणि ते राहायलाच हवे. फरक असा, की खिन्नता येते आणि ओसरते, तिच्यासकट माणूस लग्नाला जाऊ शकतो. धास्ती त्याला घरी बसवते.

वाक्य बदलले तरी अंगवळणी पडायला कृती लागते. त्यांनी आधी पत्नीला ती प्रवेशपत्रे दाखवली. मग एक आठवडा कलप न लावता कामावर गेले. त्यावर कोणी काही बोलले नाही. नंतर वाढदिवसाच्या आधीच्या रविवारी त्यांनी रूममेटला घरी जेवायला बोलावले. पहिला अर्धा तास जड गेला, गाडी दारात थांबली तेव्हा तर पोटात गोळा आला, असे त्यांनी सांगितले. नंतर गप्पा बदल्यांवर आणि मुलांच्या शाळांवर गेल्या. हॉलचा बेत त्यांनी रद्द करायला सांगितला. हे टाळणे तर नव्हे, अशी मला शंका होती. पण ज्याची भीती होती ती भेट त्यांनी आधीच घेतली होती आणि मोठे समारंभ त्यांना विशीतही आवडत नव्हते. त्या दिवशी घरी औक्षण झाले, चार घरची माणसे जेवली, मामाही आले.

शरीराविषयीची भीती वेगळी हाताळावी लागली. कर्जाची कागदपत्रे ते अलीकडे हात लांब करून वाचत होते आणि त्यावरून डोळे कायमचे गेले, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. डोळ्यातील भिंगाची लवचिकता वयानुसार कमी होते आणि चाळिशीच्या आसपास बहुतेकांना जवळचे वाचायला चष्मा लागतो. तपासणीत दुसरे काही निघाले नाही.

मध्यमवयातील संकट ही कल्पना मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये मांडली आणि ती इतकी रुजली, की चाळिशीत ते यायचेच असे लोक धरून चालतात. नंतर अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहण्यांत तसे आढळले नाही. बहुसंख्य लोकांना असे संकट येत नाही, आणि आले असे जे सांगतात त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मूळ कारण घटस्फोट, नोकरी जाणे, आजारपण अशी एखादी घटना असते. या गृहस्थांच्या बाबतीत मूळ कारण शेवटच्या निकालाच्या यादीत होते.

काही महिन्यांनी ते पुन्हा भेटले, तेव्हा जी.डी.सी. अँड ए.चा अर्ज भरलेला होता. राज्यसेवेचा निकाल लागतो त्या रात्री आजही जेवण जात नाही, असे त्यांनी सांगितले आणि त्यासाठी भेटी सुरू ठेवाव्यात का, असे विचारले. दुसऱ्या दिवशी जेवण जाते का, असे मी विचारले. जाते, म्हणाले. मग त्याकरिता येण्याची गरज नाही, असे मी त्यांना सांगितले. जेवण आठवडाभर जाईनासे झाले, किंवा पुन्हा लग्नकार्ये टाळावीशी वाटू लागली, तर मात्र लगेच यावे.