पंचावन्न मुलांचा वर्ग, सात स्टँड आणि ९५.५ अंश

प्रश्न: विज्ञान शिकवताना दिग्दर्शन पद्धती चांगली की प्रयोगशाळा पद्धती? खर्च, सुरक्षितता आणि शिकण्याची खोली या तिन्ही अंगांनी सांगा. बी.एड.ची छात्राध्यापिका आहे, आठवीचा वर्ग मिळालाय.

बी.एड.च्या नोट्समधला तक्ता तुमच्याकडे असेलच. दिग्दर्शन: कमी खर्च, सुरक्षित, वेळेची बचत. प्रयोगशाळा: खर्चिक, धोका, पण 'कृतीतून शिक्षण'. परीक्षेत तेच लिहा, मार्क मिळतील. माझं मत त्या तक्त्याशी जुळत नाही आणि त्याला कारण आहे.

सातारा जिल्ह्यात घाट चढून गेल्यावर जे पठार लागतं, तिथल्या एका शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे तेराशे मीटर. आठवीला पाण्याचा उत्कलनांक काढायचा होता. शिरस्ता असा, की सरांनी टेबलावर तिवई, जाळी, चंचुपात्र मांडायचं, थर्मामीटर सोडायचा आणि पाणी उकळलं की 'शंभर' म्हणायचं. पहिल्या दोन बाकांनाच पारा दिसायचा, बाकीचे जर्नलात शंभर लिहून मोकळे. मीही दोन-तीन वर्षं तेच केलं, खोटं कशाला बोलू.

मग एका वर्षी पंचावन्न मुलांचे पाच-पाचांचे अकरा गट केले. स्टँड होते सातच. चार गटांनी थर्मामीटर हातात धरायचा ठरलं (हे लक्षात ठेवा, पुढे महागात पडलं). एवढंच बजावलं, की फुगा पाण्यात बुडलेला हवा पण तळाला टेकता कामा नये, डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा आणि आकडा सलग दोन मिनिटं हलला नाही तरच लिहायचा. शंभर मिली पाणी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायला बारा-पंधरा मिनिटं जातात, म्हणून जोडतासिका घेतली.

आकडे फळ्यावर मांडले. बहुतेक गटांचे ९५ ते ९६. एकाचा ९८, त्यांचा फुगा तळाच्या काचेला टेकला होता. दोन गटांनी लिहिले होते बरोबर १००. जवळ जाऊन पाहिलं तर त्यांचं पाणी अजून नीट उकळतही नव्हतं! तळाशी बारीक बुडबुडे आले, पुस्तकात शंभर आहे, लिहून टाकलं. टेबलावरच्या प्रयोगात हे कधी कळलंच नसतं. मुलं पाणी बघतात की पुस्तक, ते तिथे झाकलेलंच राहतं.

वर्गाचा निकाल ठरलेला: "सर, थर्मामीटर खराब आहेत." आता हे तपासायचं कसं? बाजारातल्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, कुटला, वितळायला लागल्यावर सगळे थर्मामीटर त्यात खोचले. एकाने १ दाखवला, उरलेल्यांनी ०. म्हणजे थर्मामीटर ठीक होते. मग पाणीच लवकर उकळतंय? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "म्हणूनच आमच्याकडे डाळ कुकरशिवाय शिजत नाही." एका मुलाचा मामा वाईला. तो रविवारी माझा थर्मामीटर घेऊन घाट उतरला आणि ९७.५ लिहून आणले. वाई सातशे मीटरच्या आसपास. म्हणजे सहाशे मीटर खाली गेल्यावर दोन अंश वाढले, साधारण तीनशे मीटरला एक अंश. वर हवेचा दाब कमी, म्हणून वाफेला बाहेर पडायला कमी तापमान पुरतं. हे मी नंतर एका वाक्यात सांगितलं. पंधरा मिनिटांच्या व्याख्यानाची गरजच राहिली नव्हती.

पण दुसऱ्या जोडतासिकेला एका पोराने थर्मामीटरने पाणी ढवळलं आणि तो फुटला. पारा टेबलावर. खिडक्या उघडल्या, मुलं बाहेर काढली, जाड कागदाच्या कडेने थेंब गोळा केले, ड्रॉपरने उचलून पाण्याच्या बाटलीत टाकले. झाडू मुद्दाम लावला नाही, झाडूने थेंब बारीक होऊन फटीत शिरतात. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात. "म्हणून म्हणतो, टेबलावर दाखवा. साठ जण बघतात, काम झालं."

पुढचा तास त्यांनी स्वतः घेतला. टेबलावर चंचुपात्र, एकच थर्मामीटर. पारा ९६ च्या खालीच थांबला. सर म्हणाले, "शंभर समजा, हा जरा कमी दाखवतोय." मी मागच्या दारात उभा होतो. नंतर जर्नल तपासताना त्या डाळवाल्या मुलीच्या ९५.५ वर त्यांनी लाल शाईने काट मारून १०० केलं.

आता तुमचे तीन मुद्दे. सुरक्षिततेत चूक माझी होती, पद्धतीची नव्हती. सात स्टँडांत अकरा गट बसवायचे नव्हते. पाऱ्याऐवजी लाल द्रवाचे थर्मामीटर घेतले असते तर फुटूनही फक्त काच झाडावी लागली असती. पुढच्या वर्षी ते मी पदरचे पैसे घालून घेतले. मात्र घेताना पट्टी ११० पर्यंत आहे ना बघा, स्वस्तातले ५० लाच संपतात. स्पिरिटचा दिवा पेटता असताना कधीही भरू नका. उन्हात ज्योत दिसत नाही, विझलाय असं वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर साहित्य वर्षानुवर्षं टिकतं. खरा खर्च वेळेचा आहे: टेबलावर वीस मिनिटं, गटांत दोन जोडतासिका आणि वर रविवार. वर्षाचे सगळे प्रयोग असे होत नाहीत, मलाही जमले नाहीत. वर्षात तीन-चारच निवडा, पण असे, ज्यांत आकडा पुस्तकाशी भांडेल.

आणि काही गोष्टी टेबलावरच. सोडियमचा तुकडा पाण्यात, संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करणं (आम्ल पाण्यात थोडं थोडं, उलट नाही), हे आठवीच्या पोरांच्या हातात द्यायचं नाही. दिग्दर्शन वाईट नाही, हेही सांगायला हवं. दाखवण्याआधी प्रत्येकाला "काय होईल" हे वहीत लिहायला लावा, मग दाखवा, थर्मामीटर एखाद्या विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि जे दिसलं तेच फळ्यावर लिहा. त्या दिवशी आमच्या सरांनी ९५.५ लिहिले असते तर त्यांच्या एका चंचुपात्राने माझे अकरा गट हरवले असते. उलट, कृती फळ्यावरून उतरवून घेऊन शेजाऱ्याचं निरीक्षण छापायचं असेल तर त्या प्रयोगशाळेपेक्षा टेबल बरं. बहुतेक शाळांत प्रयोगशाळेच्या नावाखाली तेच चालतं.

तुम्ही कुठे शिकवताय ते लिहिलं नाहीत. कोकणात किनाऱ्यावर असाल तर या प्रयोगात शंभरच्या आसपासच येईल, भांडण लागायचं नाही, दुसरा प्रयोग शोधा. बर्फाची तपासणी मात्र तिथेही करा. आमच्या मुख्याध्यापकांची बदली खरं तर रत्नागिरीला व्हायला हवी होती.