शेळीपालन उपक्रमाची बेसलाइन आणि एंडलाइन प्रश्नावली कशी असावी?

प्रश्न: आमची छोटी संस्था बीड जिल्ह्यात महिलांना शेळ्या देते. एका वर्षाने त्यांच्यात जो बदल दिसेल तो आमच्या कामामुळेच झाला, असे देणगीदारांना खात्रीने सांगता यावे, यासाठी सुरुवातीची आणि शेवटची प्रश्नावली कशी तयार करावी?

उत्तर: बदल कशामुळे झाला हे केवळ प्रश्नांच्या शब्दरचनेवरून सिद्ध होत नाही. ज्यांना शेळ्या मिळालेल्या नाहीत अशा, पण परिस्थितीने सारख्या असलेल्या घरांना तेच प्रश्न त्याच दिवसांत विचारले, तरच ते सिद्ध होते. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. 2023 चा पावसाळा मराठवाड्यात अपुरा झाला आणि 2024 चा चांगला झाला; शिवाय ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1,500 रुपये पात्र महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले. ज्या संस्थेने जुलै 2024 मध्ये बेसलाइन आणि जुलै 2025 मध्ये एंडलाइन केले असेल, तिला लाभार्थी महिलांच्या हाती जास्त पैसा दिसण्याची पुरेपूर शक्यता होती, मग त्या महिलांना एकही शेळी दिलेली नसली तरी.

म्हणून शेळ्या वाटण्याआधी सगळी पात्र गावे ठरवा आणि पहिल्या वर्षी कोणत्या गावांना व दुसऱ्या वर्षी कोणत्या गावांना शेळ्या द्यायच्या, हे लोकांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा. एका वर्षात सगळ्यांना पुरतील इतका निधी संस्थेकडे बहुधा नसतोच, त्यामुळे कोणाला तरी थांबावे लागणारच असते. ते चिठ्ठीने ठरले, तर अन्याय झाल्याची भावना कमी राहते आणि दुसऱ्या वर्षाची गावे आपोआप तुलना गट बनतात. त्याच गावातली शेजारची घरे तुलनेला घेऊ नका. तुम्ही दिलेला पैदाशीचा बोकड आणि तुमचे लसीकरण शिबिर यांचा लाभ त्या घरांनाही मिळतो, आणि मग फरक असूनही दिसत नाही. तसेच, प्रत्येकी शंभर घरांची दोन गावे घेण्यापेक्षा प्रत्येकी दहा घरांची वीस गावे घ्या. एका गावात रोगाची साथ आली, तर दोन गावांच्या तुलनेत साथीचा परिणाम आणि तुमच्या कामाचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

आता प्रश्नांविषयी. ‘तुमचे मासिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न काढून टाकावा असे माझे ठाम मत आहे. शेळीचा पैसा महिन्याला येत नाही. तो बोकड विकला की एकदम येतो आणि बियाण्यात किंवा औषधपाण्यात निघून जातो. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मिळतो तो मनात जुळवलेला आकडा. त्याऐवजी कळपाचा हिशेब विचारा: वर्षापूर्वी दावणीला किती होत्या, किती विकत घेतल्या, किती मिळाल्या, किती पिल्ले झाली, किती विकल्या, किती मेल्या, घरी किती कापल्या, आज किती आहेत. हा हिशेब जुळलाच पाहिजे. वर्षापूर्वी 4 होत्या, 3 पिल्ले झाली, 2 विकल्या आणि 1 मेली, तर आज 4 हव्यात. बाई 5 म्हणाल्या, तर फॉर्म तसाच पुढे ढकलू नका. ‘ताई, एक जास्त कशी भरतेय?’ असे तिथेच विचारले की नणंदेची एक वाट्याने सांभाळायला आली आहे, असे काही तरी बाहेर येते. विक्रीची रक्कम प्रत्येक जनावराची वेगवेगळी लिहा. लाडकी बहीण, पीएम किसान, ऊसतोडीची उचल आणि मजुरी यांच्यासाठीही स्वतंत्र ओळी ठेवा.

सर्वेक्षण कधी करायचे, याचा विचार बहुतेक जण फार उशिरा करतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची घरे बंद होतात ती मार्च-एप्रिलपर्यंत, त्यामुळे हिवाळ्यातल्या सर्वेक्षणात गरिबातली गरीब घरेच सुटतात. दुसरा मुद्दा बकरी ईदचा. ईदच्या आधी बोकडांना वर्षातला चांगला भाव मिळतो आणि ईद दर वर्षी साधारण 11 दिवसांनी अलीकडे येते. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. दोन्ही वर्षी 10 जूनला जाऊन ‘गेल्या बारा महिन्यांत काय विकले?’ असे विचारले असते, तर एंडलाइनच्या काळात 2024 च्या ईदचा शेवटचा आठवडाही आला असता आणि 2025 चा पूर्ण बाजारही. तुलना गटामुळे हा दोष पूर्ण जात नाही, कारण विकायला बोकड जास्त असतात ते तुमच्याच लाभार्थ्यांकडे. त्या दोन वर्षांपुरता मार्ग सोपा होता: दोन्ही फेऱ्या जुलैच्या उत्तरार्धात केल्या असत्या, तर प्रत्येक फेरीच्या बारा महिन्यांत एकच ईद आली असती. तुमच्या वर्षांच्या तारखा कॅलेंडरवर मांडून असाच काळ निवडा.

एका वर्षात काय दिसू शकते, हे देणगीदारांना आधीच सांगून ठेवा. शेळीचा गाभण काळ सुमारे 150 दिवसांचा असतो. सप्टेंबरमध्ये दिलेली शेळी लवकर गाभण राहिली, तरी पिल्ले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि जुलैत ती विक्रीजोगी क्वचितच झालेली असतात. म्हणून पहिल्या वर्षाचे मुख्य मोजमाप विक्री न ठेवता कळप ठेवा. मात्र इथे एक मोठी फसगत होते. समजा, तुमच्या गावांत घरटी सरासरी 2 जनावरांची 8 झाली आणि तुलनेच्या गावांत 2 ची 3 झाली. वाढ अनुक्रमे 6 आणि 1, म्हणजे फरक 5. पण त्यातल्या 4 शेळ्या तर तुम्हीच दिलेल्या आहेत! तुमच्या उपक्रमामुळे कळपात पडलेली खरी भर घरटी 1 जनावर एवढीच, आणि अहवालात ठळकपणे लिहायचा आकडा तोच. कळपाची किंमत काढायची असेल, तर करडू, पाठ, शेळी आणि बोकड यांचे दर एकदा ठरवून दोन्ही फेऱ्यांना तेच लावा, म्हणजे बाजारातली भाववाढ तुमच्या नावावर जमा होणार नाही.

बेसलाइनचे शब्द, क्रम आणि कालावधी एंडलाइनमध्ये अजिबात बदलू नका. नवे प्रश्न सुचलेच तर ते फॉर्मच्या शेवटी जोडा. घरे तीच हवीत, म्हणून प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि संमती घेऊन दोन नातेवाइकांचे फोन नंबर लिहून ठेवा. जी घरे दुसऱ्यांदा सापडणार नाहीत, ती बेसलाइनमध्ये इतरांपेक्षा गरीब होती का, हे तपासून अहवालात नोंदवा. मुलाखत घेणारे दोन्ही गटांत तेच असावेत आणि शेळ्या वाटणारे कार्यकर्ते त्यांत नसावेत, कारण ज्याने शेळी दिली त्याच्यासमोर ‘दोन मेल्या’ असे सांगणे कोणत्याही बाईला अवघड जाते. तुलनेच्या गावांत ‘आम्हाला कधी मिळणार?’ असे विचारतीलच. चिठ्ठीत ठरलेले वर्ष स्पष्ट सांगा आणि उत्तरे काहीही दिली तरी ते वर्ष बदलणार नाही हेही सांगा, नाही तर जनावरे कमी करून सांगितली जातात.

शेळ्या आधीच वाटून झाल्या असतील, तर मागे जाऊन रुपयांचे आकडे विचारण्यात अर्थ नाही, ते कोणालाच नीट आठवत नाहीत. गेल्या पोळ्याला दावणीला काय काय होते, हे मात्र बहुतेक जणींना सांगता येते. तेवढेच दोन्ही प्रकारच्या गावांत विचारा. त्या गावांची निवड चिठ्ठीने झालेली नसेल, तर अहवालात ‘आमच्यामुळे’ असे न लिहिता ‘उपक्रमाच्या गावांत इतर गावांपेक्षा इतकी वाढ जास्त दिसली’ असे लिहा आणि गावे कशी निवडली होती, ते त्याच परिच्छेदात सांगा.