सवड कुठल्या कामाला आहे, हे आधी शोध

«ताई, बारावीपर्यंत माझं सगळं मराठीत झालं. आता प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर म्हणून आयर्लंडला येतोय. क्रिटिकल पाथ, फ्लोट, प्रेडेसेसर असे शब्द पाठ केलेत, पण व्याख्या आठवते आणि अर्थ निसटतो. काय करू?»

व्याख्या बाजूला ठेव आणि स्वयंपाकघराचा नवा ओटा डोळ्यांसमोर आण. जुना ओटा फोडायला 2 दिवस. मग नळ आणि वायरिंग 3 दिवस, त्यानंतर जमिनीची फरशी 4 दिवस. जुना ओटा फोडून माप मिळालं की ग्रॅनाइटचंही काम सुरू होतं: पसंत करून मागवायला 2 आणि कापून-घासून आणायला 3 दिवस. फरशी झाली आणि दगड आला, की ओटा बसवायला 2 दिवस.

फोडणं झाल्याशिवाय वायरिंग नाही. इथे फोडणं हा प्रेडेसेसर आणि वायरिंग हा सक्सेसर. गणितात गुणोत्तराचं पूर्वपद आणि उत्तरपद शिकलास ना, तेच हे. सक्सेसर ऐकून सक्सेस, म्हणजे यश, मनात येतं आणि तिथेच घोळ होतो. त्यापेक्षा सातबारा आठव. सक्सेसर म्हणजे वारस, आधीचा गेल्यावर ज्याचं नाव चढतं तो.

आता बेरीज कर. फोडणं, वायरिंग, फरशी, ओटा: 2+3+4+2, म्हणजे 11 दिवस. ग्रॅनाइटच्या वाटेने 2+2+3+2, म्हणजे 9. घर 11 दिवसांनीच तयार होणार, म्हणून लांबची वाट हीच क्रिटिकल पाथ. क्रिटिकलचा टीकेशी संबंध नाही. विज्ञानातला क्रांतिक कोन आठव: त्यापेक्षा जरा जास्त झालं की प्रकाश बाहेर पडतच नाही. इथे एक दिवस जास्त झाला की शेवटची तारीख हलते. इलेक्ट्रिशियन एक दिवस उशिरा आला, तर 12 दिवस. ग्रॅनाइट सगळ्यात महाग असलं, मालकाचं सगळं लक्ष त्याच्यावर असलं, तरी ते क्रिटिकल नाही. मीटिंगमध्ये ‘महत्त्वाचं’ या अर्थाने क्रिटिकल म्हणणारे पुष्कळ भेटतील, तेव्हा कोण कुठल्या अर्थाने बोलतंय ते ओळखायला शीक.

ग्रॅनाइटच्या वाटेवर 11 वजा 9, म्हणजे 2 दिवस मोकळे आहेत. तो फ्लोट. मराठीत याला ‘सवड’ इतका नेमका शब्द आहे, तो सोडू नकोस. काही जण स्लॅक म्हणतात: पतंगाच्या दोऱ्याची ढील. ढील आहे तोवर दोरा ओढला तरी पतंग जागचा हलत नाही.

मी इथे पहिल्या वर्षी चुकले ती याच जागी. तक्त्यात एकापाठोपाठच्या दोन कामांपुढे पाच-पाच दिवसांचा फ्लोट होता. मी दोन्ही कंत्राटदारांना वेगवेगळं सांगितलं, ‘पाच दिवस उशीर चालेल.’ दोघांनीही ते घेतले आणि काम पाच दिवस मागे पडलं. सवड त्या वाटेची असते, एकेका कामाची स्वतंत्र नसते. आपल्या ओट्यात ‘मागवणे’ आणि ‘कापणे’ या दोन्हींपुढे 2 दिसेल, पण पहिल्याने ते 2 दिवस वापरले की दुसऱ्याकडे शून्य उरतो. एका भाकरीवर दोघांची नावं लिहिल्यासारखं आहे हे.

आणि वाट बदलतेही. ग्रॅनाइट 4 दिवस रखडलं तर ती वाट 13 दिवसांची होते. तीच आता क्रिटिकल, आणि वायरिंग-फरशीला 2 दिवसांची सवड मिळते. म्हणून तक्ता एकदा काढून चालत नाही. दर आठवड्याला बेरीज पुन्हा करायची.

एक शब्द अजून: क्रॅश. ‘कॅन वी क्रॅश इट?’ ऐकून अपघात आठवू नकोस, क्रॅश कोर्स आठव: पैसे जास्त, दिवस कमी. फरशीला दुसरा मिस्त्री लावून 4 चे 2 दिवस केले, तर 11 चे 9 होतात. आता दोन्ही वाटा 9 दिवसांच्या झाल्या. यापुढे एकट्या फरशीवर पैसे ओतून एक दिवसही वाचणार नाही. आणि आधीच सवड असलेल्या ग्रॅनाइटवर जादा पैसे देणं तर पहिल्यापासूनच वाया.

कामावर रुजू झालास की बहुधा प्रायमाव्हेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट उघडावं लागेल. पहिल्यात Total Float नावाचा स्तंभ शोध, दुसऱ्यात Total Slack. दोन्ही म्हणजे सवडच. तिथे शून्य असेल तर ते काम सहसा क्रिटिकल. आकडा उणे असेल, समजा -3, तर दिलेली तारीख गाठायला 3 दिवस कमी पडताहेत. तो आकडा दिसला, की त्याच दिवशी मॅनेजरला सांग.