औषध पाजलं आणि दहाच मिनिटांत उलटी: डोस पुन्हा द्यायचा का?

"मुलगी ३ वर्षांची, वजन १२ किलो. कान दुखतोय आणि ताप आहे, म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप ५ मिली आणि पॅरासिटामॉल साडेतीन मिली लिहून दिलंय. रात्री दोन्ही पाजली आणि दहाच मिनिटांत सगळं ओकली. पुन्हा देऊ का? डबल डोस होईल म्हणून भीती वाटते. आणि ही तोंडच उघडत नाही, देऊ तरी कसं?"

ताई, उलटीत गुलाबी सिरप दिसलं का, हा आमचा पहिला प्रश्न होता. दिसलं होतं, शिवाय वेळ दहाच मिनिटांची. म्हणजे औषध पोटातून पुढे सरकलेलंच नाही. अशा वेळी दोन्ही औषधं पूर्ण मापाने पुन्हा द्यायची, पण एकदाच. दुसऱ्यांदाही उलटली तर तिसऱ्यांदा द्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

अर्ध्या तासानंतर उलटी झाली असती तर उत्तर उलटं असतं. पातळ औषध जठरातून लवकर पुढे जातं आणि तोवर बरंचसं रक्तात उतरू लागलेलं असतं. मग पुन्हा द्यायचं नाही, पुढचा डोस नेहमीच्या वेळी. अवघड असतो तो १५ ते ३० मिनिटांचा मधला काळ. तेव्हा उलटीत औषध स्पष्ट दिसलं तरच पुन्हा द्यावं. पॅरासिटामॉलबाबत शंका असेल तर न देणंच बरं. ताप थोडा वेळ राहिला तर चालतो, जादा डोस यकृताला चालत नाही.

पॅरासिटामॉलचं माप असं पडताळता येतं: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोला १८०. बाटलीवर "५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर साडेतीन मिली म्हणजे १७५, बरोबर. पण त्याच औषधाची १२०-१२५ ची बाटलीही मिळते. घरात दोन्ही असतील तर एक नजरेआड ठेवा, कारण गोंधळ मिलीत होत नाही, बाटलीत होतो. पुन्हा दिलेल्या डोसची वेळ कागदावर लिहा आणि पुढचं अंतर तिथून मोजा: किमान ४ तास, शक्यतो ६. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत.

आता पाजण्याकडे वळू. त्या रात्री झालं ते असं: मुलगी उपाशी होती, आडवी धरली होती, नाक दाबून चमच्याने अँटिबायोटिक आणि लगोलग पॅरासिटामॉल. रडणारं मूल हवा गिळतं, जिभेच्या मागच्या भागाला चमचा लागला की ओकारी येते, आणि हे अँटिबायोटिक रिकाम्या पोटी मळमळ करतं. नाक दाबण्यात आणखी एक धोका आहे: श्वास घ्यायला तोंड उघडतं तेव्हा औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

उलटीनंतर आधी पंधरा-वीस मिनिटं थांबा. तोंड धुवा, पाण्याचे किंवा ओआरएसचे एक-दोन घोट द्या, रडणं शमू द्या. मग तिला मांडीवर सरळ बसवा. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. घरातल्या चमच्यांचं माप एकसारखं नसतं. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडी यांच्यामध्ये, गालाच्या आतल्या बाजूला ठेवा, घशाकडे रोखू नका. एका वेळी १ मिलीच्या आसपास सोडा, गिळू द्या, मग पुढचं. आधी पॅरासिटामॉल द्या. ते राहिलं तर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घास वरणभात भरवा आणि जेवणाच्या सुरुवातीलाच अँटिबायोटिक द्या. बाटली हलवल्याशिवाय माप घेऊ नका, पावडर तळाशी बसते. कडू चवीसाठी आधी थंड दह्याचा एक चमचा चाटवा, म्हणजे जीभ जराशी बधिर होते. दुधाच्या पेल्यात औषध मिसळू नका. दूध उरलं की डोसही उरला, आणि मूल दुधालाच वैतागतं ते वेगळंच.

थोडंसं थुंकलं, ओठांवरून ओघळलं, तर अंदाजाने भर घालू नका. किती गेलं ते कळत नाही.

वरचा नियम सगळ्या औषधांना लावू नका. फिट्सचं, हृदयाचं, मधुमेहाचं औषध उलटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नका. औषध न देताही उलट्या होत असतील तर दोष पाजण्याच्या पद्धतीत नाही, आजारात शोधायला हवा. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, आठ तास लघवी नसेल, मूल मलूल होऊन डोळे उघडत नसेल, मान ताठ असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर घरी डोसचा विचारच करू नका, थेट दाखवा.