बाहेरून करपतो, आतून कच्चा: जाड स्टेक तव्यावर आणि मग ओव्हनमध्ये

प्रश्न: जाड स्टेक तव्यावर शेकून मग ओव्हनमध्ये पुरा करायचा असेल तर आतलं तापमान किती ठेवायचं? माझा एकतर बाहेरून करपतो आणि आत थंड राहतो, नाहीतर पार चामड्यासारखा होतो. घोडबंदर रोडला राहतो, घरात साधा ओटीजी आहे.

आधी आकडा सांगतो. मीडियम रेअर हवा असेल तर मधोमध ५१ अंश सेल्सिअस दिसले की ओव्हनमधून बाहेर काढा. ताटात पडल्या पडल्या तो स्वतःच ५५ पर्यंत चढतो. तुमची गडबड बहुधा याच चार अंशांत होत असावी, कारण आपण हवा असलेला आकडा ओव्हनमध्येच गाठायला जातो आणि पुढचं शिजणं हिशोबात धरत नाही.

मी नेरूळला राहतो. गेली चार-पाच वर्षं महिन्यातून एकदा तरी हा प्रकार घरी होतो. आपल्याकडे २०१५ पासून बैल-वळूही बंद झाले, त्यामुळे स्टेक म्हणजे म्हशीचं किंवा रेड्याचं मांस. मी त्यातला अंडरकटच घेतो. कण्याच्या आतल्या बाजूचा हा लांबुळका तुकडा जनावराच्या चालण्या-ओढण्यात फारसा राबत नाही, म्हणून मऊ असतो. पण त्यात चरबी जवळजवळ नसते. परदेशी व्हिडिओत दिसणारा चरबीच्या पांढऱ्या रेघांचा स्टेक पाच अंश इकडे-तिकडे झाले तरी खपवून घेतो, आपला अंडरकट घेत नाही. खाटकाला मधल्या भागातले, एकसारख्या जाडीचे, दीड इंचाचे म्हणजे साधारण चार सेंटीमीटरचे तुकडे सांगा. निमुळत्या शेपटाचा तुकडा स्टेकला घेऊ नका, त्याचं एक टोक शिजून कोरडं पडतं तोवर दुसरं कच्चंच असतं.

घरी आणल्यावर आपला हात सवयीने नळाकडे जातो. मटण धुतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, पण स्टेकच्या बाबतीत ही सवय मोडा. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही, आणि तांबूस खरपूस रंग १४० च्या पुढे झपाट्याने चढतो. ओला तुकडा तव्यावर आधी उकडतो. रंग येईना म्हणून आपण तो आणखी ठेवतो आणि तेवढ्यात आतला एक सेंटीमीटर करडा होऊन जातो. शिवाय धुताना मांसावरचे जंतू बेसिनभर उडतात ते वेगळंच. खाटकाकडूनच धुऊन आला असेल तर टिश्यूने दाबून दाबून कोरडा करा, मीठ लावा आणि जाळीवर ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये उघडाच राहू द्या. पाव किलोच्या तुकड्याला अर्धा छोटा चमचा मीठ पुरतं. रात्रभर वेळ नसेल तर निदान पाऊण तास आधी लावा. मीठ लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मांसाला पाणी सुटलेलं असतं, ते पुन्हा आत जिरायला तेवढा वेळ लागतो. त्या मधल्या वेळात तव्यावर टाकणं सगळ्यात वाईट.

तवा बिडाचा घ्या. नॉनस्टिक एवढ्या आचेसाठी नसतोच. मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं तापवा, मग चमचाभर रिफाइंड शेंगदाणा तेल. घाण्याचं तेल इथे चालत नाही, ते लवकर जळून कडू होतं. तेलातून धुराची पहिली रेघ दिसली की तुकडा ठेवा. दोन्ही बाजू दीड-दीड मिनिट, मग चिमट्याने उभा धरून कडा फिरवत मिनिटभर. एवढंच. शेकल्याने ‘रस आत कोंडला जातो’ असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. शेकलेल्या तुकड्यातूनही रस गळतो, ताटात तुम्हाला दिसेलच. तव्याचं काम रंग आणि चव आणण्याचं आहे, आत शिजवण्याचं नाही. तुमचा करपतो तो इथेच, कारण जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत उष्णता फार सावकाश पोचते. तव्यावरच मध्य ५५ ला न्यायचा म्हटलं तर बाहेरचा थर तोवर ७० च्या पार गेलेला असतो.

म्हणून ओव्हन, आणि तोही मंद, १५० वर. पुष्कळ ठिकाणी २०० लिहिलेलं सापडेल, आणि मोठ्या ओव्हनमध्ये ते जमतंही. ओटीजीत मात्र रॉड मांसापासून वितभरही लांब नसतात, २०० वर वरची बाजू पुन्हा भाजायला लागते. दुसरं म्हणजे ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. माझ्या ओटीजीचं बटण १७० वर फिरवलं तर आत १५० असतात, हे ओव्हनचा छोटा थर्मामीटर आत टांगल्यावर कळलं. लांब दांड्याचा बिडाचा तवा ओटीजीत मावत नाही, म्हणून ट्रे आणि जाळी आतच तापत ठेवायची आणि शेकलेला तुकडा चिमट्याने उचलून जाळीवर ठेवायचा. खालचा खण, दोन्ही रॉड चालू.

गेल्या महिन्यातल्या तुकड्याची नोंद माझ्याकडे आहे: २६० ग्रॅम, चार सेंटीमीटर जाड, फ्रीजमधून काढून अर्धा तास झालेला. शेकून झाल्यावर मध्यावर २२ अंश. ओव्हनमध्ये सहा मिनिटांनी ३६, दहा मिनिटांनी ४६, बारा मिनिटांनी ५१. बाहेर काढला. जाळीवर सात मिनिटं ठेवला तेवढ्यात ५५ वर जाऊन थांबला. तुमच्याकडे मिनिटं वेगळी येतील, म्हणून वेळ पाठ करू नका. आठव्या मिनिटाला पहिल्यांदा बघा आणि मग दर दोन मिनिटांनी.

बघायचं कसं, यातच बहुतेकांचं चुकतं. मांसाच्या थर्मामीटरची सुई वरून खुपसली तर टोक नेमकं मध्यावर आहे की खाली गेलंय हे कळत नाही. तुकड्याच्या जाडीच्या बरोबर अर्ध्यावर, बाजूने आडवी घाला, मध्याच्या थोडी पलीकडे जाऊ द्या आणि मग हळूहळू मागे ओढा. वाटेत सगळ्यात कमी जो आकडा दिसेल तो तुमचा मध्य. सुई खरी बोलते की नाही हेही एकदा तपासा. बर्फ गच्च भरलेल्या पाण्यात ती शून्य दाखवायला हवी, आणि आपण समुद्रसपाटीला असल्यामुळे उकळत्या पाण्यात शंभर. माझी पहिली सुई बर्फात ४ दाखवायची. ती खरी मानून मी कितीतरी स्टेक चार अंश आधीच काढले आणि खापर फोडलं खाटकावर.

आता बाकीचे टप्पे. रेअर म्हणजे ताटात ५० ते ५२, तो ४७ ला काढायचा. आत गडद लाल, स्पर्शाला लिबलिबीत. मीडियम रेअर ५४ ते ५७. मीडियम ६० ते ६३, तो ५७ ला काढा. इथून पुढे मांसातली जोडणारी ऊती आकसायला लागते आणि रस पिळून बाहेर टाकते, म्हणून ६० नंतरचा प्रत्येक अंश अंडरकटवर दिसतो. मीडियम वेल ६५ ते ६८, ६३ ला काढा. ७१ च्या पुढे वेल डन, सगळं करडं-तपकिरी. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. म्हशीचं मांस मुळातच जास्त गडद असतं, त्यामुळे त्या व्हिडिओतला गुलाबी रंग शोधत बसलात तर जास्तच शिजवून ठेवाल.

एक गोष्ट मनापासून सांगतो. बाजारातल्या उघड्यावर टांगलेल्या मांसाचा रेअर मी करत नाही. जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि शेकताना मरतात हे खरं, पण खाटकाने तुकडा मऊ पडावा म्हणून सुरीने टोचला असेल तर ते आत गेलेले असतात, शिवाय पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी स्नायूच्या आतही असू शकतात. अमेरिकेचं कृषी खातं अखंड तुकड्याला ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा सांगतं, खिम्याला ७१. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्यांच्यासाठी मी तोच आकडा पाळतो. स्वतःसाठी ५५ घेतो, तेही ओळखीच्या खाटकाकडचं, सकाळी कापलेलं, न टोचलेलं असेल तरच.

आमच्या घरी खरी अडचण सासऱ्यांची. पहिल्यांदा कापून ताट पुढे केलं तेव्हा ते म्हणाले, “जावईबापू, अहो हे रक्त आहे, परत टाका आत.” ते रक्त नसतं. रक्त कापतानाच निघून गेलेलं असतं. मायोग्लोबिन नावाचं स्नायूतलं लाल प्रथिन पाण्यात मिसळून बाहेर येतं. मी त्यांना ते समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी ताट मागे सरकवलं. मग त्यांचा तुकडा परत आत टाकण्याऐवजी मी आता वेगळाच करतो: अडीच सेंटीमीटर जाड, शेकणं तेवढंच, ओव्हन १३० वर, ६८ ला बाहेर. मंद आचेवर वेल डन केला की कडा वाळत नाहीत. पाच मिनिटं ठेवून मांसाच्या रेषांच्या आडव्या, बोटापेक्षा पातळ चकत्या कापायच्या, म्हणजे चावायला लांब धागा उरत नाही.

विसाव्याच्या वेळात तवा धुऊ नका. गॅस बारीक करून त्यात लोण्याचा गोळा, ठेचलेल्या दोन लसूण पाकळ्या आणि भरड कुटलेली मिरी घाला. लोणी फसफसलं की जाळीखाली ताटलीत साचलेला रस त्यात ओता आणि तळाला चिकटलेलं खरवडून घ्या. अर्ध्या मिनिटात दाटतं. सासऱ्यांच्या चकत्यांवर मी यातलं जास्त घालतो, कारण त्यांच्या तुकड्यात स्वतःचा रस कमी उरलेला असतो.