‘हळद शिजली’ आणि ‘हळद शिजवली’: कर्म नेमकं कशात आहे?

प्रश्न: क्रियापदाला ‘काय?’ विचारायचं, उत्तर आलं की सकर्मक, नाही आलं की अकर्मक, असं क्लासमध्ये सांगितलं होतं. पण सराव प्रश्नपत्रिकेत ‘हळद शिजली’ हे वाक्य होतं. काय शिजलं? हळद. म्हणून मी सकर्मक लिहिलं, तर उत्तरात अकर्मक दिलंय. मग ही चाचणीच चुकीची आहे का? परीक्षेत झटकन कसं ओळखायचं?

उत्तर:

चाचणी चुकीची नाही, पण तुम्हाला ती अर्धीच मिळाली आहे. ‘काय?’ हा दुसरा प्रश्न आहे. त्याच्याआधी कर्ता शोधायचा असतो आणि घाईत नेमकी तीच पायरी गळते.

मी सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी शिकवते. तुमचंच वाक्य आमच्या घरात दरवर्षी हळद काढल्यावर दिवसातून दहादा ऐकू येतं. काहिलीवर पिवळा फेस यायला लागला, वास बदलला, की आबा एक हळकुंड बाहेर काढतात आणि त्यात काडी टोचतात. काडी अडखळली तर “अजून शिजली नाही”. लोण्यात जावी तशी आत गेली, की “शिजली हळद, काढा.” आणि संध्याकाळी कोणी विचारलं तर तेच आबा सांगतात, “आज दोन काहिली शिजवल्या.” दोन्ही वाक्यांत तीच हळद आणि तीच काहील आहे, पण पहिल्या वाक्यातलं क्रियापद अकर्मक आहे आणि दुसऱ्यातलं सकर्मक.

आता पहिली पायरी करून बघू. वाक्यात जे क्रियापद आहे त्याच्याच धातूला ‘-णारा, -णारी, -णारं’ लावायचं आणि कोण किंवा काय असं विचारायचं. ‘हळद शिजली’: शिजणारी काय? हळद. म्हणजे हळद कर्ता झाली. दुसऱ्या पायरीला तो कर्ता हातात धरून विचारायचं: हळद काय शिजली? या प्रश्नाला काही अर्थच लागत नाही. शिजण्याची क्रिया हळदीपासून सुरू झाली आणि हळदीतच संपली, दुसऱ्या कशावर गेली नाही. म्हणून अकर्मक.

‘आबांनी हळद शिजवली’: शिजवणारे कोण? आबा. आबांनी काय शिजवलं? हळद. इथं प्रश्न सरळ बसतो आणि उत्तरही मिळतं. हळद कर्म, क्रियापद सकर्मक.

तुम्ही थेट ‘काय शिजलं?’ विचारलंत, त्यामुळे उत्तरात कर्ताच येऊन बसला. निर्जीव कर्त्याबद्दल आपण ‘कोण’ विचारत नाही, ‘काय’ विचारतो, म्हणून हा गोंधळ होतो. ‘भिंत पडली’, ‘दूध नासलं’, ‘ऊस गेला’ या सगळ्यांत नुसत्या ‘काय?’ला उत्तर मिळतं आणि तिन्ही अकर्मक आहेत.

माझ्या वर्गात याहून खोल रुतलेली एक चूक दिसते. मुलं म्हणतात, “मॅडम, हळद आपोआप कशी शिजेल? कुणीतरी शिजवणारा असणारच.” असतोच. पण व्याकरण काहिलीपाशी कोण उभं आहे ते बघत नाही, वाक्य काय म्हणतंय ते बघतं. ‘शिजली’ला ‘शिजवणारा कोण’ असं विचारलं, की तुम्ही क्रियापदच बदललं. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत: पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, वाळणे-वाळवणे. जोडीतला पहिला अकर्मक, दुसरा सकर्मक. म्हणून -णारा लावताना धातूचं एक अक्षरही हलवायचं नाही. ‘ऊस तुटला’ला ‘तुटणारा’च विचारायचं, ‘तोडणारा’ नाही.

आता ताळा करायला एक दुसरी खूण सांगते, कारण दोन प्रश्न विचारूनही कधी कधी शंका उरते. वाक्य साध्या भूतकाळात घ्या आणि कर्ता तृतीय पुरुषी ठेवा. सकर्मक असेल तर कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो: आबांनी ऊस तोडला, तिनं पत्र लिहिलं. अकर्मक असेल तर लागत नाही: आबा बसले, ती हसली. ‘आबांनी हळद शिजली’ असं म्हणून बघा, कानालाच खटकेल.

यामागचं कारण जुनं आहे. आपली भूतकाळाची ‘ल’ची रूपं संस्कृतातल्या भूतकाळवाचक धातुसाधितांवरून आली. ‘रामः गतः’मध्ये राम प्रथमेत आहे, पण ‘रामेण फलं खादितम्’मध्ये तो तृतीयेत आहे आणि ‘खादितम्’ फळाप्रमाणे चालतं. तीच मांडणी ‘राम गेला’ आणि ‘रामानं फळ खाल्लं’ यांत आजही जशीच्या तशी आहे. ‘मी’ आणि ‘तू’ला हा ‘ने’ दिसत नाही, तिथं क्रियापदाचा शेवट बघायचा. ‘मी पळालो’मध्ये ‘लो’ आहे, पण ‘मी ऊस तोडला’मध्ये ‘तोडलो’ होत नाही, कारण क्रियापद उसाप्रमाणे चालतंय.

मात्र ‘ने’ दिसला की सकर्मक, असं उलटं धरू नका. २०१९च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: “पुरानं भिंत पडली.” यात ‘पुरानं’ आहे, तरी पडणारी काय? भिंत. पूर हे इथं पडण्याचं कारण आहे. ‘पुरानं भिंत पाडली’ म्हटलं तर मात्र पाडणारा पूर, म्हणजे पूर कर्ता आणि भिंत कर्म. हे ओळखायला वाक्य वर्तमानकाळात न्या. खऱ्या कर्त्याचा ‘ने’ वर्तमानकाळात गळून पडतो: ‘पूर भिंत पाडतो’. कारणाचा ‘ने’ तसाच राहतो: ‘पुरानं भिंत पडते’. हा फरक माझ्या वर्गातली मुलं सगळ्यात लवकर धरतात, कारण दोन्ही वाक्यं मोठ्यानं म्हटली की झालं.

तसंच विध्यर्थात ‘त्यानं जावं’ असा ‘ने’ अकर्मकालाही लागतो. म्हणून ही खूण फक्त साध्या भूतकाळात वापरायची.

उलट बाजूला काही क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात ‘ने’ घेत नाहीत: ती कविता शिकली, तो डबा विसरला. इथं ताळा फसतो आणि पहिले दोन प्रश्नच कामी येतात. शिकणारी कोण? ती. ती काय शिकली? कविता. सकर्मक. अशी क्रियापदं थोडी आहेत, दिसतील तशी वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा.

दोन्ही प्रश्न नीट विचारूनही फसवणारी एक जागा आहे, ती थोडी सावकाश बघू. ‘पोरगा तलाठी झाला.’ होणारा कोण? पोरगा. पोरगा काय झाला? तलाठी. दोन्ही प्रश्नांना उत्तर आलं, मग तलाठी कर्म का नाही? कारण पोरगा आणि तलाठी ही एकच व्यक्ती आहे. झाल्याची क्रिया पोराकडून निघून दुसऱ्या कुणा तलाठ्यावर गेलेली नाही. ‘तलाठी’ हा शब्द पोराबद्दलचं विधान पुरं करतो, त्याला विधानपूरक म्हणतात. इथं ‘ने’चा ताळा बरोबर उत्तर देतो: ‘पोरानं तलाठी झाला’ होत नाही. असणे, होणे, निघणे, ठरणे, दिसणे ही क्रियापदं आली की ‘काय’ला मिळालेलं उत्तर कर्त्याहून वेगळं आहे ना, एवढं तपासायचं.

‘ला’ प्रत्ययाचंही तेच. ‘आबा सांगलीला गेले’मध्ये ‘ला’ दिसतो म्हणून ‘सांगलीला’ हे कर्म, असं पुष्कळ जण लिहितात. ‘सांगलीला’च्या जागी ‘तिथं’ घालून बघा. ‘आबा तिथं गेले’ नीट बसतं, म्हणजे ते ‘कुठं?’चं उत्तर आहे, कर्म नाही.

आणि ‘मला भडंग आवडतं’? परीक्षेत असं एक वाक्य हमखास असतं. आवडीचा अनुभव माझा, म्हणून मी कर्ता, असं वाटतं. पण आवडणारं काय? भडंग. क्रियापदही भडंगाप्रमाणेच चालतं: भडंग आवडतं, पेढा आवडतो, हळद आवडते. पारंपरिक व्याकरणात इथं भडंग हाच कर्ता आणि क्रियापद अकर्मक. ‘तिनं भडंग खाल्लं’ चालतं, पण ‘तिनं भडंग आवडलं’ कोणी म्हणत नाही. ‘मला थंडी वाजते’, ‘तिला ताप आला’ यांनाही हाच न्याय लावा: वाजणारी थंडी, येणारा ताप.

आता तुमच्या प्रश्नपत्रिकेच्या पुढच्या पानावर बहुतेक उभयविध क्रियापदं असतील, म्हणजे एकच रूप दोन्हीकडे चालणारी. उघडणे, मोडणे, कापणे, आठवणे ही नेहमीची. इथं नुसतं क्रियापद पाठ करून काही होत नाही, दर वेळी वाक्य बघावं लागतं. ‘आबांनी दार उघडलं’: उघडणारे आबा, त्यांनी काय उघडलं? दार. सकर्मक. ‘दार उघडलं’: उघडणारं काय? दार. दारानं काय उघडलं? काही नाही. अकर्मक. आमच्या स्वयंपाकघरातलं उकळणेही असंच आहे. आई आतून विचारते, “दूध उकळलं का गं?” तेव्हा ते अकर्मक. आणि मी ओट्यापासून सांगते, “मी सकाळीच उकळलं.” यात ‘दूध’ हा शब्दच नाही, तरी क्रियापद सकर्मक आहे. उकळणारी मी. मी काय उकळलं? दूध, फक्त बोलताना गाळलेलं. ते नसतं तर मी ‘उकळले’ असं झालं असतं, आणि मी काही उकळत नव्हते.